विंगलेट आणि पंखाच्या टोकाचे भोवरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानाच्या पंखाची टोकं वर का वळवलेली असतात, असं विचारलं की बहुतेकांकडून एकच उत्तर येतं: टोकाशी होणारा हवेचा भोवरा थांबवण्यासाठी. हे उत्तर निम्मंच बरोबर आहे, आणि जे निम्मं चुकतं तिथेच खरी गंमत आहे. या वर वळलेल्या टोकालाच विंगलेट म्हणतात. खाली उदाहरणासाठी शक्यतो एकच विमान धरलं आहे: बोइंग ७३७-८००. ते विंगलेटशिवायही उडालं आणि विंगलेटसहही, त्यामुळे तुलना सोपी जाते.

पंखाच्या टोकाशी भोवरा तयार कसा होतो?

पंख विमानाला उचलतो, कारण त्याच्या खालच्या बाजूला हवेचा दाब जास्त असतो आणि वरच्या बाजूला कमी. पंखाच्या मधल्या भागात या दोन दाबांच्या मध्ये पंख स्वतःच उभा असतो. टोकाशी मात्र पंख संपतो. तिथे खालची जास्त दाबाची हवा बाहेरच्या अंगाने वळसा घेऊन वरच्या कमी दाबाकडे जाते. विमान पुढे धावत असतं, त्यामुळे हा वळसा जागच्या जागी पूर्ण होत नाही. तो मागे खेचला जातो आणि गोल गोल फिरणारी हवेची एक लांब नळी विमानामागे राहते. मागून पाहिलं तर डाव्या टोकाचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि उजव्या टोकाचा उलट दिशेने. दोन्ही भोवऱ्यांच्या मधली हवा खाली ढकलली जाते, बाहेरची वर उचलली जाते.

हा वळसा फक्त टोकापाशी जाणवतो असं नाही. पंखाखालून जाणारी हवा सगळीकडेच किंचित बाहेरच्या दिशेला, टोकाकडे सरकते आणि पंखावरून जाणारी हवा किंचित आत, विमानाच्या अंगाकडे सरकते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, विंगलेटचं काम समजायला ती लागणार आहे.

म्हणजे भोवरा फक्त टोकातून निघतो का?

नाही. पंखाची लिफ्ट, म्हणजे उचलणारं बल, अंगापासून टोकापर्यंत सारखं नसतं. मध्यभागी ते जास्त असतं आणि टोकाकडे जाताना कमी कमी होत शून्यावर येतं. जिथे जिथे लिफ्ट बदलते तिथे तिथे पंखाच्या मागच्या कडेतून थोडी फिरती हवा सुटते. त्यामुळे पंखामागे खरं तर फिरत्या हवेचा पूर्ण पंखाएवढा रुंद पडदा तयार होतो. टोकाजवळ लिफ्ट सगळ्यात झपाट्याने घसरते, म्हणून तिथून सगळ्यात जास्त फिरती हवा सुटते. पुढे हा पडदा दोन्ही कडांकडून गुंडाळला जातो आणि काही अंतरावर दोन जाड भोवरे उरतात. डोळ्यांना दिसतात ते हेच, म्हणून सगळा दोष टोकाच्या माथी मारला जातो.

भोवरा तर मागे राहतो. मग तो विमानाला मागे ओढतो कसा?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि उत्तर याच प्रश्नात आहे. भोवरा विमानाला दोरीसारखा ओढत नाही. मात्र तो पडदा आणि ते भोवरे मधली हवा खाली ढकलतात, आणि हा परिणाम फक्त मागे नाही, थेट पंखाच्या जागीही पोचतो. म्हणजे पंख ज्या हवेतून जातो, ती त्याच्या दृष्टीने किंचित खाली उतरत असते. खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावर वर चढत राहावं, तसं पंखाला सतत या उतरत्या हवेत चढत राहावं लागतं.

लिफ्ट नेहमी पंखाजवळच्या हवेच्या दिशेला काटकोनात असते. हवा थोडी खाली वळली की लिफ्टही तेवढीच मागे कलते. मागे कललेल्या लिफ्टचा जो छोटासा भाग उड्डाणाच्या विरुद्ध दिशेला पडतो, तोच इंड्यूस्ड ड्रॅग, मराठी पुस्तकांतला प्रेरित रोध. हा हवेच्या घर्षणाचा ड्रॅग नव्हे. पंख आरशासारखा गुळगुळीत केला तरी हा शिल्लक राहतोच, कारण तो लिफ्टची किंमत म्हणून येतो.

ही किंमत किती? आकड्यांत सांगता येईल का?

येईल, आणि हिशोब अवघड नाही. ६५ टन वजनाचं ७३७-८०० घेऊ. ३५,००० फुटांवर, मॅक ०.७८५ वेगाने, म्हणजे तिथल्या ध्वनीच्या वेगाच्या ०.७८५ पट, सेकंदाला सुमारे २३३ मीटर. विंगलेट नसताना पंखांचा एकूण पसारा ३४.३ मीटर. सूत्र असं:

```
Di = L² / (½ ρ V² · π · b² · e)
```

इथे L म्हणजे लिफ्ट, ρ हवेची घनता, V वेग, b पंखांचा पसारा. e हा पंखावर लिफ्ट किती चांगली वाटली गेली आहे हे सांगणारा गुणक. आदर्श वाटणीत तो १ असतो, प्रत्यक्ष विमानात थोडा कमी. त्या उंचीवर हवेची घनता दर घनमीटरला ०.३८ किलो असते. आधी आदर्श वाटणी धरली तर पंखाजवळची हवा एका अंशाच्या आसपास खाली वळलेली निघते. फक्त एक अंश. पण ६५ टनांची लिफ्ट एक अंश मागे कलली की सुमारे १०.७ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ १.१ टनाचा अडथळा उभा राहतो. e साठी ०.८ हा प्रत्यक्षाला धरून असलेला आकडा घेतला तर तो १३.३ किलोन्यूटनवर जातो. विमानाचा एकूण ड्रॅग ३७ ते ३८ किलोन्यूटन धरला, तर त्यातला तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त वाटा एकट्या इंड्यूस्ड ड्रॅगचा. शक्तीच्या भाषेत, इंजिनं सुमारे ३ मेगावॅट निव्वळ हवा फिरवत ठेवण्यावर खर्च करतात.

सूत्रात वेग छेदात आहे, हेही पाहा. वेग कमी झाला की हा ड्रॅग वाढतो. हेच विमान उड्डाणानंतर समुद्रसपाटीजवळ १५० नॉट्सने, म्हणजे सेकंदाला सुमारे ७७ मीटरने, चढत असताना तोच आकडा जवळजवळ ३८ किलोन्यूटन होतो, क्रूझच्या, म्हणजे उंचीवर एकसारख्या वेगाने उडतानाच्या, जवळजवळ तिप्पट. चढाईच्या पहिल्या टप्प्यात विंगलेटचा उपयोग सगळ्यात जास्त होतो तो यामुळे.

मग विंगलेट नेमकं करतं काय?

याची दोन स्पष्टीकरणं आहेत. दोन्ही खरी आहेत आणि एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहतात.

पहिलं स्पष्टीकरण पडद्याकडे पाहतं. सूत्रात छेदात पसाऱ्याचा वर्ग आहे, म्हणजे फिरती हवा जितक्या मोठ्या रुंदीवर पसरून सुटेल, तितका ड्रॅग कमी. विंगलेट पंखावरची लिफ्ट टोकाशी एकदम शून्यावर येऊ देत नाही. पंखाचं काम ते स्वतःच्या अंगावर पुढे नेतं आणि वरच्या टोकापर्यंत हळूहळू सोडतं. त्यामुळे टोकाशी एका जागी गोळा होणारी फिरती हवा विंगलेटच्या पूर्ण उंचीवर विखुरली जाते आणि पंखापासून थोडी लांबही जाते. पंखाच्या जागी हवा कमी खाली ढकलली जाते, लिफ्ट कमी मागे कलते.

दुसरं स्पष्टीकरण विंगलेटवरच्या बलाकडे पाहतं. पंखावरची हवा टोकाजवळ आतल्या बाजूला सरकत असते, हे वर आलंच. उभं विंगलेट या तिरक्या हवेत बसवलेलं असतं. त्याचा आकारही पंखासारखाच असतो, फक्त आडव्याऐवजी उभा. म्हणून त्याच्यावरही लिफ्ट तयार होते, पण ती वर नाही तर आत, विमानाच्या अंगाकडे रोखलेली असते. आता हवा पुढून आणि थोडी बाहेरून येते, आणि लिफ्ट हवेच्या दिशेला काटकोनात. म्हणून ती नुसती आत राहत नाही, किंचित पुढेही झुकते. तो पुढचा भाग म्हणजे थोडासा फुकटचा धक्का. उलट बाजूने येणाऱ्या वाऱ्यातही शिडाची होडी पुढे जाते, त्यामागचं तत्त्व हेच.

माझ्या मते दुसरं स्पष्टीकरण समजायला सोपं आहे, पण हिशोबाला पहिलंच विश्वासाचं. विंगलेटला भिंत समजणारं तिसरं स्पष्टीकरण, की ते खालची हवा वर येऊ देत नाही, सगळीकडे वाचायला मिळतं. पण टोकाशी नुसती सपाट भिंत उभी केली तर स्वतःच्या घर्षणामुळे ती कमाईचा मोठा भाग खाऊन टाकते. विंगलेटचं यश त्याच्या पंखासारख्या आकारात आणि त्यावर तयार होणाऱ्या लिफ्टमध्ये आहे.

७३७-८०० वर प्रत्यक्ष किती फरक पडला?

या विमानाचं वळणदार विंगलेट सुमारे २.४ मीटर उंच आहे आणि त्याने पसाराही ३४.३ वरून ३५.८ मीटरवर गेला. समजा इंड्यूस्ड ड्रॅग १२ टक्क्यांनी उतरला. १३.३ किलोन्यूटनचे १२ टक्के म्हणजे १.६. एकूण ३७.५ च्या मानाने हे चार टक्क्यांच्या थोडं वर जातं. त्यातून विंगलेटचं स्वतःचं घर्षण आणि त्याच्या वजनापायी लागणारी जास्तीची लिफ्ट वजा केली की साडेतीन ते चार टक्के उरतात. लांब मार्गांवर इंधनाची बचत याच पट्ट्यात सांगितली जाते. आकडा छोटा वाटतो. पण विमानाच्या रचनेत एका बदलातून एवढं मिळणं फार क्वचित घडतं.

विंगलेट बसवलं की भोवरा नाहीसा होतो ना?

होत नाही, आणि होऊच शकत नाही. विमान हवेत राहतं ते सतत हवा खाली ढकलून. हवा खाली गेली की आजूबाजूची हवा वर येणार आणि भोवरा तयार होणार. भोवऱ्याची एकूण ताकद वजन, वेग, हवेची घनता आणि पसारा यांवर ठरते. विंगलेटने यातला पसारा थोडासा बदलतो, बाकी काहीच नाही. त्यामुळे ताकद फक्त काही टक्क्यांनी उतरते. कमी होते ती भोवऱ्यांत वाया जाणारी ऊर्जा, भोवऱ्यांचं अस्तित्व नाही.

मागून येणाऱ्या विमानासाठी ही बाब जिवाची आहे. ३० मे १९७२ रोजी अमेरिकेत फोर्ट वर्थजवळच्या ग्रेटर साउथवेस्ट विमानतळावर प्रशिक्षणासाठी उडत असलेलं एक डीसी-९ मोठ्या डीसी-१० च्या मागोमाग उतरत होतं. पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात सापडून ते धावपट्टीवर उलटलं आणि त्यातल्या चारही जणांचा मृत्यू झाला. विमानांमध्ये ठेवायच्या अंतराचे नियम त्यानंतर कडक झाले. ही अंतरं ठरवताना मुख्यतः विमानाचं वजन पाहतात. पुढच्या विमानाला विंगलेट आहे म्हणून मागच्याला जवळ येऊ दिलं जात नाही.

भोवऱ्यांची जोडी एकमेकांना खाली ढकलत उतरते. आपल्या ६५ टनी विमानासाठी उतरतानाच्या वेगावर हिशोब केला तर हा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर येतो, म्हणजे मिनिटाला शंभर मीटरच्या आत. म्हणूनच मोठ्या विमानामागे उतरताना त्याच्या मार्गाच्या वरून राहायचं आणि ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेकायचं, असं वैमानिकांना शिकवलं जातं. वारा अजिबात नसलेला शांत दिवस इथे मित्र नसतो. तेव्हा भोवरे जास्त वेळ टिकतात. आडवा वारा मंद असेल तर तेही वाईट, कारण जमिनीजवळ बाहेर सरकणारा एक भोवरा तो नेमका धावपट्टीवरच धरून ठेवू शकतो.

एवढं करण्यापेक्षा पंखच लांब का करत नाहीत?

नुसत्या हवेच्या हिशोबाने पाहिलं तर पंख लांब करणंच चांगलं. एक मीटर उभं विंगलेट टोकाशी आडव्या जोडलेल्या पंखाच्या जेमतेम अर्ध्या मीटरएवढं काम करतं. पण पंख लांब केला की टोकाची लिफ्ट अंगापासून आणखी दूर जाते आणि मुळाशी पंख वाकवू पाहणारा जोर वाढतो. तो पेलायला आतली रचना जाड करावी लागते, वजन वाढतं. विंगलेटमुळेही हा जोर वाढतो, पण कमी. १९८० मध्ये नासाच्या आर. टी. जोन्स आणि टी. लासिन्स्की यांनी रचनेवरचा भार सारखा ठेवून दोन्हींची तुलना केली, तेव्हा फायदा जवळजवळ बरोबरीचा निघाला.

मग पारडं झुकवतं कोण? विमानतळ. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ३६ मीटरपेक्षा कमी पसाऱ्याची विमानं 'सी' वर्गात येतात, आणि त्यांच्यासाठी आखलेल्या गेटवर, टॅक्सीवेवर तेवढीच जागा असते. विंगलेटसह ७३७-८०० चा पसारा ३५.८ मीटर, शार्कलेट लावलेल्या एअरबस ए३२० चाही ३५.८. दोघंही रेषेला चिकटून थांबतात, हा योगायोग नाही. मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर ए३२० च्या टोकाला वर गेलेला जो पंखासारखा भाग दिसतो तो शार्कलेट, म्हणजे एअरबसने आपल्या विंगलेटला दिलेलं नाव.

विंगलेट सगळ्याच विमानांवर फायद्याचं असतं का?

नाही, आणि याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण जपानमध्ये घडलं. लांब पल्ल्याच्या बोइंग ७४७-४०० ला विंगलेट होती. तिचीच देशांतर्गत आवृत्ती, ७४७-४००डी, १९९१ मध्ये जपानी कंपन्यांनी घेतली, आणि तिला मुद्दाम विंगलेट लावली नाहीत. टोकियो ते ओसाकासारख्या तासाभराच्या फेऱ्यांत विमान क्रूझवर जेमतेम पोचतं आणि उतरायला लागतं. बचत व्हायला वेळच मिळत नाही, वजन मात्र प्रत्येक फेरीत वाहावं लागतं.

विंगलेटची रचना कुठे चुकू शकते?

सगळ्यात नाजूक जागा पंख आणि विंगलेट यांच्या सांध्याची. तिथे दोघांवरचा कमी दाब एका कोपऱ्यात एकत्र येतो. क्रूझच्या वेगाला तिथली हवा सहज ध्वनीच्या वेगापलीकडे जाते, धक्का लहर तयार होते आणि हवा पृष्ठभागापासून सुटते. कोपरा तीव्र असेल तर मिळालेला फायदा इथेच संपतो. म्हणून नंतरच्या विंगलेटमध्ये पंख मोठ्या गोलाईने वर वळवलेला दिसतो.

दुसरी चूक कोनाची. विंगलेट हवेला फार कमी कोनात बसवलं तर त्यावर पुरेशी लिफ्ट येत नाही. मग ते ओझंच. फार जास्त कोनात बसवलं तर कमी वेगात, विमान थोडं आडवं सरकताना, हवा त्याच्यावरून सुटते. म्हणून विंगलेटचा कोन सगळ्या वेगांत थोडी थोडी तडजोड करूनच ठरवतात. जुन्या विमानांना नंतर विंगलेट बसवताना पंख आतून मजबूत करावा लागतो आणि पंखाचं थरथरणं, म्हणजे फ्लटर, नव्याने तपासावं लागतं, कारण टोकाला वजन वाढलं की पंख हेलकावण्याची लय बदलते.

ही कल्पना कोणाची?

टोकाला उभी पट्टी लावण्याचा विचार फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १८९७ मध्येच पेटंटात मांडला होता. पण तो भिंतीचा विचार होता. टोकाशी पंखाच्याच काळजीने घडवलेला छोटा उभा पंख हवा, हे नासाच्या लँगली केंद्रातले रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९७६ मध्ये मांडलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन महागलं होतं, त्यामुळे त्यांचं ऐकलंही गेलं. पुढे केसी-१३५ या टँकर विमानावर २.७ मीटरची विंगलेट बसवून कॅलिफोर्नियात उड्डाणं करून पाहिली, आणि इंधनाच्या मैलेजमध्ये ६.५ टक्क्यांच्या आसपास सुधारणा दिसली.

पावसाळ्यात उतरताना पंखामागे पांढरी दोरी दिसते, तो हाच भोवरा का?

हो. भोवऱ्याच्या गाभ्यात दाब खूप कमी असतो, त्यामुळे तिथली हवा थंड होते, आणि मुंबईच्या जुलैतल्यासारखी दमट हवा असेल तर तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. दिसतो तो फक्त गाभा, भोवरा त्याहून कितीतरी रुंद असतो. ३५,००० फुटांवर इंजिनामागे राहणाऱ्या पांढऱ्या रेघा मात्र वेगळ्या. त्या इंजिनाच्या धुरातल्या पाण्याच्या.

पुढच्या वेळी पंखामागच्या खिडकीशी जागा मिळाली तर नीट बघा. उतरताना ही दोरी बऱ्याचदा पंखाच्या टोकातून नाही, फ्लॅपच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली उघडणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या कडेपासून सुटताना दिसते. फ्लॅप उघडला की त्याच्या पट्ट्यात लिफ्ट खूप असते आणि कडेशी ती एकदम घसरते. भोवरा टोकाला नव्हे, लिफ्टच्या घसरणीला बांधलेला असतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

मग ७८७ किंवा ७७७ ला विंगलेट का नाही?

कारण तिथे पसारा वाढवायला जागा होती. ७८७ आणि ७७७-३००ईआरच्या पंखाची टोकं वर न वळवता मागे तिरकी, निमुळती ओढलेली आहेत. 'ई' वर्गाची मर्यादा ६५ मीटर, ७७७-३००ईआर ६४.८ मीटरवर थांबतं, ७८७ साठ मीटरच्या आसपास. ७७७एक्सच्या वेळी बोइंगने पंख ७१.७५ मीटर केला आणि मग तो गेटवर मावेना. त्यावर विंगलेटचा मार्ग न घेता त्यांनी दोन्ही टोकांचा सुमारे साडेतीन मीटरचा भाग जमिनीवर घडी घालता येईल असा केला. घडी घातल्यावर पसारा ६४.८५ मीटर होतो. पसाऱ्याच्या वर्गाच्या नियमाने, बाकी सगळं सारखं धरलं तर उघडलेल्या पंखावर इंड्यूस्ड ड्रॅग सुमारे १८ टक्के कमी येतो. त्याच्या बदल्यात बिजागरी, कुलूप आणि उड्डाणाआधी टोकं उघडून पक्की बसली आहेत का हे तपासणारी यंत्रणा, एवढं सगळं पंखाला कायमचं वाहावं लागतं.